आठ दिवसांची बुडालेली लेक्चर्स एका आठवड्यात भरून काढताना

फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला होस्टेलमध्ये कुणाला ना कुणाला कांजिण्या येतात. फोडांवर खपली धरेपर्यंत वर्गात येता येत नाही, त्यामुळे आठ-दहा दिवस सरळ जातात. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवते. परत आलेली मुलं पहिल्या दिवशी काय करतात, हे पाहून पाहून मला पाठ झालंय. ती कुणाची तरी वही मागून घेतात आणि पहिल्या पानापासून उतरवायला बसतात. तीन रात्री जागून एका विषयाची वही सुबक अक्षरात पूर्ण होते. तोवर वर्ग आणखी तीन दिवस पुढे गेलेला असतो, आणि उतरवलेल्यातलं एक गणितही स्वतःहून सुटत नाही.

गेल्या वर्षी परभणीच्या एका मुलीबरोबर बसून मी हे वेगळ्या पद्धतीने करून पाहिलं. तिची आठवड्याची आखणी इथे जशी घडली तशी देते. विषय तुमचे वेगळे असतील, पण वहीशी वागायची रीत तीच राहील.

ती सोमवारपासून पुढच्या बुधवारपर्यंत घरी होती. कामाचे आठ दिवस. गुरुवारी सकाळी वर्गात हजर. बुडालेली लेक्चर्स अशी: गणित पाच, मेकॅनिक्स पाच, इलेक्ट्रॉनिक्स पाच, केमिस्ट्री चार. एकूण एकोणीस. शिवाय गणिताचं एक ट्युटोरियल आणि चार प्रॅक्टिकल.

वही मागण्याआधी एक कागद

पहिलं काम वहीचं नाही. टाइमटेबल समोर ठेवायचं आणि बुडालेलं प्रत्येक लेक्चर तारखेसह एका कागदावर लिहायचं. त्या दिवशी काय शिकवलं, हे सीआरला किंवा शेजारच्या बाकावरच्या कुणालाही दहा मिनिटांत विचारता येतं. "सोमवारी मॅडमनी काय घेतलं?" एवढाच प्रश्न. सविस्तर उत्तर नको, धड्याचं नाव पुरे. कधीकधी कळतं की एका दिवशी लेक्चर झालंच नाही, वर्ग सेमिनारला गेला होता. तेवढंच ओझं कमी.

तिच्या कागदावर गणितासमोर हे होतं: पहिल्या सोमवारी व्हेरिएबल सेपरेबल, मंगळवारी एक्झॅक्ट समीकरणं, गुरुवारी एक्झॅक्ट नसलेल्यांसाठी इंटिग्रेटिंग फॅक्टरचे नियम, दुसऱ्या सोमवारी लिनिअर समीकरण, मंगळवारी बर्नुली.

आता प्रत्येक विषयासमोर आणखी एक गोष्ट लिहायची: आज, म्हणजे परतल्याच्या दिवशी, वर्गात काय चाललंय. गणितात त्या गुरुवारी मी उपयोजनं सुरू करणार होते, न्यूटनचा थंड होण्याचा नियम आणि आर-एल सर्किट. आणि मग विचारायचं, आजचं लेक्चर बुडालेल्यांपैकी नेमक्या कोणत्या लेक्चरवर उभं आहे?

थंड होण्याचा नियम व्हेरिएबल सेपरेबलने सुटतो, आणि ते तर बारावीत झालेलं असतं. आर-एल सर्किट मी लिनिअर समीकरणाने सोडवते. एक्झॅक्टचा त्या दिवशी काडीचाही संबंध नाही. बर्नुलीचाही नाही. म्हणजे पाच लेक्चर्सपैकी गुरुवारी संध्याकाळी फक्त दुसऱ्या सोमवारचं लेक्चर हवं होतं. तेवढं झालं की शुक्रवारपासून ती वर्गाबरोबर चालू शकत होती. बाकीची चार शनिवार-रविवारपर्यंत थांबली तरी बिघडत नव्हतं.

तारखेच्या क्रमाने भरत गेलात, तर वर्ग आठवडाभर तुमच्यापुढेच राहतो आणि रोजचं नवीन लेक्चरही डोक्यावरून जातं. म्हणजे बुडालेली लेक्चर्स एकोणीसवर थांबत नाहीत, वाढतच जातात. आजच्या लेक्चरला जे लागतं ते आधी भरायचं.

कुणाची वही

वर्गातली सगळ्यात सुंदर वही सहसा घ्यायची नसते. ती घरी जाऊन फेअर केलेली असते. फेअर करताना खाडाखोड जाते, आणि खाडाखोडीबरोबर "इथे सरांनी चूक केली, मग दुरुस्त केली" किंवा "हे का?" असे शेरेही जातात. तुम्हाला वर्गात बसून लिहिलेली कच्ची वही हवी. अक्षर वाचता आलं म्हणजे झालं. समासात बाण, प्रश्नचिन्हं, "परीक्षेला येतं" असलं काही लिहिलेलं असेल तर उत्तमच.

सगळे विषय एकाच मैत्रिणीकडून घेऊ नका. गणितात जिची वही पक्की, तिची केमिस्ट्रीची अर्धी असू शकते. आणखी एक गोष्ट लोक विसरतात, वही देणारी स्वतः त्या आठ दिवसांत हजर होती का? आमच्या या मुलीच्या मैत्रिणीने शुक्रवारचं ट्युटोरियल बुडवलं होतं. वहीत ते पान नव्हतं, आणि वही सलग दिसत असल्यामुळे काही राहिलंय असं वाटतही नव्हतं. कागदावरच्या तारखा वहीतल्या तारखांशी ताडून पाहिल्या म्हणून सापडलं. ट्युटोरियलची पानं मग दुसऱ्या बॅचमधल्या मुलाकडून मिळाली.

मागताना मोजकं मागा. "तुझ्या सगळ्या वह्या दे ना दोन दिवस" म्हटलं की समोरचा कितीही जवळचा असला तरी कचरतो, आणि ते रास्तच आहे. त्यालाही रात्री अभ्यास करायचा असतो. "अगं, गणिताची वही दे ना जरा, सतरापासून पुढची पानं आहेत, आत्ताच फोटो काढून परत देते" असं म्हणा. पाच मिनिटांत काम होतं आणि वही तिच्या बॅगेतून जातही नाही.

फोटो खिडकीजवळ, वही सपाट उघडून, एका वेळी एकच पान. मोबाइलची सावली पानावर पडली की पेन्सिलने लिहिलेले घातांक दिसेनासे होतात, आणि गणितात `x²` चा `x` झाला की पुढचं सगळं वाया. वही परत देण्याआधी दोन गोष्टी तिथेच उभ्या उभ्या बघा: पानांची संख्या जुळते का, आणि प्रत्येक पानाची शेवटची ओळ पुढच्या पानाच्या पहिल्या ओळीला जोडली जाते का. दोन पानं एकदम उलटली जाणं फार सामान्य आहे, आणि ते रात्री अकरा वाजता लक्षात येतं.

मग झेरॉक्स काढा. हा खर्च मी प्रत्येकाला करायला लावते. मोबाइलवरचे फोटो गॅलरीत जातात आणि तिथेच राहतात. कागदावर समासात लिहिता येतं.

तासांचा हिशेब

आजारातून उठलेल्या माणसाने रात्री दोनपर्यंत जागू नये. आम्ही कामाच्या दिवशी अडीच तास आणि शनिवार-रविवारी दोन बैठकांत मिळून पाच तास धरले. गुरुवार ते बुधवार मिळून साडेबावीस तास झाले. त्या त्या दिवशीच्या नव्या लेक्चरची अर्ध्या तासाची उजळणी याच्याबाहेर.

ते सगळ्या विषयांना सारखे वाटायचे नाहीत. गणिताला लेक्चरमागे दीड तास, म्हणजे साडेसात. मेकॅनिक्सला सव्वा तासाने सव्वासहा. इलेक्ट्रॉनिक्सला पाऊण तासाने पावणेचार. केमिस्ट्रीला अर्ध्या तासाने दोन. प्रॅक्टिकलच्या जर्नलला अडीच. बेरीज बावीस तास. अर्धा तास शिल्लक, तोही कुठेतरी जातोच.

केमिस्ट्रीला इतकं कमी का? कारण त्या चार लेक्चर्सचा मजकूर पुस्तकात जवळजवळ तसाच आहे. वही फक्त काय वगळलं आणि कशावर भर दिला हे सांगते. पुस्तक वाचायचं, वही बाजूला ठेवून खुणा करायच्या, झालं. गणित आणि मेकॅनिक्समध्ये मात्र वाचून काही होत नाही.

उसन्या वहीतून गणित शिकताना

गुरुवारी संध्याकाळी तिने लिनिअर समीकरणाची पानं काढली. मैत्रिणीच्या वहीत होतं:

```
dy/dx + P y = Q
I.F. = e^(∫P dx)
y · (I.F.) = ∫ Q · (I.F.) dx + c
```

खाली एक सोडवलेलं उदाहरण, त्यात `dy/dx` एकटाच होता. मग दुसरं उदाहरण:

```
x dy/dx + 2y = x³
```

इथे वहीत एकदम I.F. = `x²` लिहिलेलं. तिने स्वतः करून पाहिलं तेव्हा P म्हणजे 2 घेतला आणि I.F. आला `e^(2x)`. पुढचं इंटिग्रेशन लांबत गेलं आणि अडलं. तिला वाटलं मैत्रिणीचं चुकलंय.

मैत्रिणीचं बरोबर होतं. मी वर्गात तोंडी सांगितलं होतं की आधी `dy/dx` चा सहगुणक 1 करून घ्या. सगळ्या समीकरणाला `x` ने भागलं की P होतो `2/x`, Q होतो `x²`, आणि I.F. येतो `x²`. मैत्रिणीला ते वर्गातच समजलं, म्हणून तिने समासात नुसतं `÷ x` असं बारीक लिहिलं. उतरवणारा ते चिन्ह गाळून टाकतो.

उसन्या वहीतली खरी पोकळी अशी असते. पान भरलेलं असतं, पण तोंडी सांगितलेलं वाक्य त्यात नसतं, कारण लिहिणाऱ्याला त्याची गरज नव्हती. ते वाक्य शोधायचा मार्ग एकच. सोडवलेलं उदाहरण झाकायचं, फक्त प्रश्न दुसऱ्या कागदावर घ्यायचा आणि स्वतः सोडवायचा. पहिल्यांदा जिथे तुमची ओळ वहीतल्या ओळीपासून वेगळी होते, तिथे खूण करायची. तिथेच काहीतरी बोललं गेलं होतं.

मग स्वतःहून उत्तर तपासायचं. वरच्या गणिताचं उत्तर येतं:

```
y = x³/5 + c/x²
```

c शून्य धरून `y = x³/5` मूळ समीकरणात घाला. डावीकडे `3x³/5 + 2x³/5`, म्हणजे `x³`. जुळलं. डिफरन्शियल समीकरणांची ही मोठी सोय आहे, उत्तर बरोबर की चूक हे कुणाला न विचारता कळतं.

त्याच रात्री तिने त्या दिवशीच्या आर-एल सर्किटकडे पाहिलं:

```
L di/dt + R i = E
```

इथे `di/dt` चा सहगुणक L आहे. आता आधी L ने भागायचं हे तिला सांगावं लागलं नाही. I.F. आला `e^(Rt/L)`, आणि सुरुवातीला करंट शून्य धरून उत्तर `i = (E/R)(1 − e^(−Rt/L))`. दुपारी वर्गात तिने या ठिकाणी चार ओळी मोकळ्या सोडून प्रश्नचिन्ह काढलं होतं, तिथे ते बसलं. चालू लेक्चरमध्ये कळत नसेल तेव्हा हेच करा. लिहिणं थांबवू नका, पण कळलं नाही तिथे मोकळी जागा सोडा.

दुसऱ्या प्रकारची पोकळी तिला शनिवारी सापडली, एक्झॅक्ट समीकरणांत. यावेळी वही खरोखर चुकीची होती. फोटो दुसऱ्या मुलाच्या वहीचे होते आणि त्याने सूत्र अर्धवट घेतलं होतं: `∫M dx + ∫N dy = c`. बरोबर सूत्र असं, की M चं इंटिग्रेशन y स्थिर धरून करायचं, आणि N मधली फक्त x नसलेली पदं घेऊन त्यांचं y च्या संदर्भात करायचं. हे समीकरण घ्या:

```
(2xy + 3) dx + (x² + 4y) dy = 0
```

M चं y च्या संदर्भात आणि N चं x च्या संदर्भात आंशिक अवकलन `2x` च येतं, म्हणजे एक्झॅक्ट आहे. बरोबर उत्तर `x²y + 3x + 2y² = c`. मुलाच्या सूत्राने N मधलं `x²` सुद्धा घेतलं जातं आणि उत्तर येतं `2x²y + 3x + 2y² = c`. दिसायला काही वावगं नाही. पण त्याचं अवकलन करून परत या: dx चा सहगुणक `4xy + 3` मिळतो, आणि आपल्याला `2xy + 3` हवा होता. एक पद दोनदा मोजलं गेलंय हे लगेच दिसतं.

तिने त्या मुलाला हे दाखवलं. त्याच्या टेस्टला तीन दिवस होते, तोही वाचला.

मेकॅनिक्स, आकृतीपासून

मेकॅनिक्सची वही उतरवणं सगळ्यात धोक्याचं. भिंतीला टेकवलेली शिडी घ्या. वहीत फ्री बॉडी डायग्राम तयार असतो, बाण लावलेले असतात आणि खाली समीकरणं असतात. ती वाचताना सगळं पटतं. पण परीक्षेत आकृती तुम्हाला काढायची असते. म्हणून नुसता प्रश्न वाचून आधी आपली आकृती काढा, मगच वही उघडा. जमिनीजवळचं घर्षण कोणत्या दिशेला, भिंतीची प्रतिक्रिया कशी, वजन कुठून खाली. एकही बाण सुटला किंवा उलटा पडला, तर खालची समीकरणं बघायचीच नाहीत, आधी आकृती दुरुस्त करायची. तिचा सव्वा तासातला जवळजवळ अर्धा वेळ आकृत्यांवरच गेला, आणि ते योग्यच झालं.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये सर्किटच्या आकृत्यांना हेच लागू होतं, त्यामुळे पुन्हा सांगत नाही.

विचारायचं ते असं

कागदावर खुणा जमल्या की मैत्रिणीला पंधरा मिनिटं मागा. "मला लिनिअर समजावून सांग" असं म्हणू नका. ती सगळं लेक्चर पुन्हा द्यायला लागेल, तिलाही ते नीट येणार नाही आणि पाऊण तास जाईल. "दुसऱ्या उदाहरणात I.F. `x²` कसा आला?" असं विचारा. उत्तर दोन मिनिटांत मिळतं. शिक्षकांकडे जातानाही तेच. स्टाफरूमच्या दारात "मॅडम, मी आठ दिवस नव्हते" म्हणणाऱ्याला मी काय सांगणार? पण पाच खुणा केलेला कागद घेऊन आलेल्या मुलीला मी चहा निवेपर्यंत सगळं सांगून टाकलं.

प्रॅक्टिकल आणि हजेरी

प्रॅक्टिकलची रीडिंग्ज दुसऱ्याच्या जर्नलमधून उतरवू नका, वेळ कितीही वाचत असला तरी. लॅबमधल्या शिक्षकांना बॅचमधल्या मुलांची रीडिंग्ज ओळखू येतात. व्होल्टमीटरवर दोन बॅचना शेवटच्या दशांशापर्यंत तेच आकडे येत नाहीत. सोमवारीच लॅब असिस्टंटना भेटून दुसऱ्या बॅचबरोबर प्रयोग करता येईल का ते विचारा. बहुतेक ठिकाणी सबमिशनच्या आधी रिपीट टर्न असतो, पण शेवटच्या आठवड्यात तिथे गर्दी उसळते. उद्देश, सर्किट, सूत्र हे आधी लिहून ठेवलंत तर लॅबमध्ये फक्त रीडिंग आणि ग्राफ उरतो.

डॉक्टरांचं सर्टिफिकेट पहिल्याच दिवशी क्लास टीचरकडे द्या आणि एक झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा. 75 टक्क्यांचा नियम असेल तिथे डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर आणलेल्या सर्टिफिकेटकडे सगळे संशयानेच बघतात.

बुधवारी काय उरलं

तिचा शुक्रवार मेकॅनिक्समध्ये गेला. शनिवारी गणिताची तीन लेक्चर्स झाली. रविवारी बर्नुली आणि उरलेलं मेकॅनिक्स. बर्नुली मुद्दामच मागे ठेवलं होतं. तिथे `y` च्या घाताने भागून नवीन चल घेतलं की समीकरण लिनिअर होतं, म्हणजे लिनिअर पक्कं असेल तर ते तासाभराचंही काम नाही. सोमवार आणि मंगळवार इलेक्ट्रॉनिक्स, केमिस्ट्रीला. बुधवारी जर्नल.

पूर्ण झालं का? नाही. इंटिग्रेटिंग फॅक्टरच्या नियमांपैकी दोन तिला नीट बसले नव्हते, आणि केमिस्ट्रीचं एक लेक्चर तिने फक्त वाचलं होतं. ते तिने कागदावर तसंच लिहून ठेवलं, तारीख घालून, पुढच्या रविवारसाठी. भरून निघालं की नाही हे मी कागदावरून पाहिलंच नाही. पुढच्या गुरुवारी वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता मी एक ओळ मुद्दाम अर्धी सोडून मागे वळले, आणि पुढची ओळ तिसऱ्या बाकावरून तिने सांगितली.